शब्द हवा: ‘रिव्हॅल्युएशन रिझर्व्ह’ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ (चोपडा)
आमच्याकडच्या एका जिनिंग कंपनीचा वार्षिक अहवाल मराठीत करतोय. भागधारक बहुतेक कापूसवाले शेतकरी. गेल्या वर्षी मी ‘पुनर्मूल्यांकन निधी 64 लाख’ असं लिहिलं आणि सभेत एक आजोबा उठले. म्हणाले, “वावर इकं नही, मंग पैसा कथाईन ऊना? आणि ऊना व्हई तर वाटा ना!” अध्यक्षांना उत्तर सुचेना. चूक माझ्या ‘निधी’ची होती का?

केळीवाला_रावेर
‘पुनर्मूल्यांकन खाते’ म्हणा. बारावीच्या पुस्तकात हेच आहे. आमचा मोठा भाऊ पेढीतून निघाला तेव्हा जागेची किंमत वाढवून ती रक्कम तिघांच्या भांडवल खात्यांत नफ्याच्या प्रमाणात घातली होती. संपला विषय.

जुना हिशेबनीस
भाऊ, तुमचं खरं, पण ते भागीदारीचं. तिथे भागीदार बदलला की जुन्यांचा वाटा चुकता करायचा असतो, म्हणून ते खातं लगेच बंद होतं. कंपनीत तसं नाही. तापीकाठ, तुमचे आकडे काय आहेत?

तापीकाठ (चोपडा)
जमीन 2004 ला 6 लाखांना घेतली. मूल्यांककाने 70 सांगितली.

जुना हिशेबनीस
म्हणजे जमीन खाते 64 लाखांनी नावे, आणि तेवढीच रक्कम रिझर्व्हला जमा. नफ्या-तोट्याला हात लागत नाही. बँकेत एक रुपयाही आलेला नसतो, म्हणून यातून लाभांश वाटता येत नाही, बोनस शेअरही काढता येत नाहीत. आजोबांचा प्रश्न अगदी नेमका होता. ‘निधी’ म्हटलं की माणूस पेटी शोधतो.

शुद्धमराठी_धुळे
मग ‘संचिती’ म्हणा. ‘रिझर्व्ह’ तसाच ठेवणं हा आळस आहे.

पारोळेकरीण
संचिती कोण बोलतं, दादा? वर्तमानपत्रं परकीय चलनाची ‘गंगाजळी’ लिहितात, ती सगळ्यांना कळते. आमच्या आजीच्या देवघरात गंगेच्या पाण्याची डाक लावलेली तांब्याची लोटी होती. घरात असून नसल्यासारखी, शेवटच्या क्षणीच फोडायची. तुमच्या 64 लाखांचंही तेच, जमीन विकल्याशिवाय हात लागत नाही.

शुद्धमराठी_धुळे
लोटीत निदान पाणी तरी होतं. इथे काय आहे?

नवा_सीए_भुसावळ
एक शंका. किंमत वाढली की घसाराही वाढणार ना? म्हणजे दरवर्षी नफा कमी दिसणार. अहवालात ‘वाढीव घसारा’ असा शब्दही लागेल.

जुना हिशेबनीस
अर्धं बरोबर. जमिनीला घसाराच नाही, ती घासत नाही. 6 ची 70 झाली तरी घसारा शून्यच. वाढतो तो शेडचा, तोही शेडची किंमत वाढवली तरच. समजा शेड हिशेबात 20 लाखांची, आयुष्य उरलं 10 वर्षं, घसारा सालीना 2 लाख. ती 30 ची केली तर 3 लाख. तो वरचा 1 लाख दरवर्षी रिझर्व्हमधून परस्पर राखून ठेवलेल्या कमाईत नेता येतो.
गोची होते ती मूल्यांककाने जमीन आणि शेड मिळून एकच आकडा दिला तर. एका ठिकाणी मी पाहिलंय, सगळी वाढ शेडवर चढवली होती. घसारा दुपटीहून जास्त झाला आणि तीन वर्षं कोणाला कारण कळेना. शेडमध्ये नवं काही बांधलेलं नसताना घसारा असा उसळला की आधी मूल्यांकनाचा कागद उघडायचा, दोन्ही किमती वेगळ्या आहेत का बघायचं.

केळीवाला_रावेर
आणि उद्या जमीन 75 ला विकली तर? 69 लाख नफा!

जुना हिशेबनीस
खिशात तेवढाच. पण त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात 5 च दिसतील, कारण पुस्तकी किंमत 70 झालेली आहे. 64 लाख रिझर्व्हमधून थेट राखून ठेवलेल्या कमाईत जातात, नफ्याच्या ओळीतून फिरत नाहीत. आयकर मात्र मूळ 6 पासूनच मोजतो, तुमचं मूल्यांकन त्याला ठाऊक नाही. करासाठी 5 लाखांच्या अंदाजाने पैसे काढून ठेवाल तर फसाल.

केळीवाला_रावेर
म्हणजे रेडीरेकनर वाढला की हे आपोआप होतं का? आमची रस्त्यालगतची जागा बिनशेती झालीय…

जुना हिशेबनीस
नाही हो. स्टॅम्पचा दर वेगळा.

पारोळेकरीण
माझं मत अजून गंगाजळीच.

शुद्धमराठी_धुळे
‘मूल्यवाढ संचिती’. लिहून घ्या.

तापीकाठ (चोपडा)
मंडळी, शुक्रवारी छपाई आहे. तूर्तास ‘जमिनीची कागदी वाढ (रोख नाही)’ असं टाकलंय. लेखापरीक्षक म्हणतात ‘कागदी’ काढा, आजोबांना तोच शब्द आवडला.

नवा_सीए_भुसावळ
घसारा ‘घासणे’वरून की ‘घसरणे’वरून?

शुद्धमराठी_धुळे
घसरणे. उघड आहे.

पारोळेकरीण
उघड कसं? हिशेबनीसकाका तर वर ‘घासत नाही’ म्हणाले.