मदत हवी आहे: बाबांचा बोलून टंकलेला निरोप लागत नाही

पलासियाकर:
बाबांनी आज इंदूरहून पहिल्यांदाच बोलून टंकलेला निरोप पाठवला आहे आणि तो मला काही केल्या लागत नाही. जसाच्या तसा देतो:

«बाला काल आज इच्छा डोली आज ऑपरेशन जाला काल जी करुणा कोस पट्टी उधार काट तेल आटा ने लोन सा पाठ वाले तू ला पार्सल कर तो राजवाड़ा वर चश्मा टॉक ला सात से मिल तेल»

ऑपरेशन, उधार आणि लोन एवढेच शब्द कळले आणि पोटात गोळा आला. कृपया लवकर सांगा.

तिखटमीठ:
अहो, इथे विचारण्याऐवजी सरळ घरी फोन का करत नाही?

पलासियाकर:
मी टोरांटोत आहे. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले असून बाबा दहाला फोन बंद करून झोपतात. आजीचा फोन वाजतो, पण कोणी उचलत नाही.

हिशेबनीस:
यात न कळण्यासारखे काही नाही. ऑपरेशनसाठी कर्ज काढले आहे आणि घरपट्टीची उधारी त्यातून कापली आहे. इंदुरात आपली माणसे मराठीत हिंदी मिसळूनच बोलतात, त्यामुळे वाक्य असे दिसते.

स्वरलेखक:
थोडे थांबा. पलासियाकर, निरोपात «राजवाड़ा» मधल्या ड खाली टिंब आहे, ते तुम्ही टंकले की मुळातच होते? आणि बाबांच्या फोनमध्ये मराठी लावलेली आहे का?

पलासियाकर:
मी अक्षरही बदललेले नाही. फोन नवा आहे, भाषा दुकानदाराने लावून दिली. कोणती ते ठाऊक नाही.

स्वरलेखक:
मग हिंदी मिसळली आहे ती बाबांनी नव्हे, फोनने. ते टिंब हिंदीचे आहे, शिवाय एवढ्या मोठ्या निरोपात ळ एकदाही आलेला नाही. बाबा मराठी बोलले, पण फोन हिंदी ऐकण्यासाठी लावलेला होता, आणि असा फोन न कळलेल्या आवाजाच्या जागी त्याला माहीत असलेला सर्वांत जवळचा शब्द बसवतो. म्हणून शब्दांमधल्या मोकळ्या जागा विसरा, ल आला की ळ आणि न आला की ण लावून पाहा, आणि न थांबता मोठ्याने वाचा. «आज इच्छा डोली आज» म्हणजे «आजीच्या डोळ्याचं», आणि «काल जी करुणा कोस» म्हणजे «काळजी करू नकोस».

मांडवीवाला:
आमच्या बडोद्यात हा घोटाळा लगेच कळतो, कारण माझ्या वडिलांचे मराठी बोलणे फोनने थेट गुजराती लिपीत उतरवले होते. तुमच्याकडे हिंदी आणि मराठीची लिपी एकच, म्हणून चूक झाकली जाते. मी तर म्हणतो, वडिलांना बोट फिरवून अक्षरे काढायला शिकवा.

स्वरलेखक:
त्याची गरज नाही. गूगलने बोलून टंकण्यासाठी मराठी 2017 मध्येच आणली. Gboard असेल तर त्याच्या भाषांमध्ये मराठी जोडायची आणि माइक दाबण्याआधी स्पेसबार दाबून धरून मराठी निवडायची, एवढेच.

पलासियाकर:
मोठ्याने वाचल्यावर बरेचसे लागले! «बाळा, काल आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळजी करू नकोस. पट्टी उद्या काढतील.» लोन म्हणजे लोणचं असणार, कारण आमची आत्या दर उन्हाळ्यात घालते: «आत्यानं लोणचं पाठवलंय, तुला पार्सल करतो.»

हिशेबनीस:
तुम्हाला हवे ते ऐकू येते आहे. «उधार» चे «उद्या» कसे झाले?

स्वरलेखक:
पुढचा «तेल» पाहा. तो दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा क्रियापदाच्या शेपटीला: «काट तेल» म्हणजे «काढतील», «मिल तेल» म्हणजे «मिळतील». काढतील हे उद्याच घडणार, त्यामुळे उधार तिथे बसत नाही.

तिखटमीठ:
लोणचे पाठवताना बरणीपेक्षा जाड पिशवी दोनदा बांधून द्यायला सांगा, तेल झिरपते. आधी कॅनडाच्या कस्टम्सचे नियम मात्र पाहून घ्या.

पलासियाकर:
धन्यवाद, पण चष्म्याचे वाक्य राहिलेच. ते «सातशे मिळतील» आहे की «सातला मिळतील»? आणि टाकला एक चष्मा, तर मिळतील अनेक कसे?

स्वरलेखक:
ते आवाजावरून ठरणार नाही. «से» चे मूळ «शे» असेलही, पण आधी चष्मा कोणाचा ते कळायला हवे. मोतीबिंदू असेल तर नवा नंबर साधारणपणे काही आठवड्यांनी काढतात, तेव्हा हा बहुधा आजींचा नसावा.

मांडवीवाला:
जुना विकला असेल.

पलासियाकर:
राजवाड्यावर जुने चष्मे कोण घेते?