बोट ओळीवर नको, उभ्या रकान्यावर

"चाचणी ९८ टक्के आजारी लोकांना पकडते, मग पॉझिटिव्ह आलेला माणूस ९८ टक्के आजारीच ना?"

नाही. सदाशिव पेठेत बारावीच्या मुलांना शिकवताना मी फळ्यावर १०,००० माणसांचा तक्ताच मांडते. धरा, १०० आजारी. त्यातले ९८ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी ५ टक्के चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे ४९५. मुलं हमखास आजाऱ्यांच्या आडव्या ओळीवर बोट ठेवून ९८/१०० म्हणतात. ते बोट उचलून पॉझिटिव्हच्या उभ्या रकान्यावर ठेवायचं: ९८ + ४९५ = ५९३. आता ९८/५९३, जेमतेम १६.५ टक्के!

पण हे सरसकट तपासणीचं झालं. लक्षणं असलेल्या १०,००० जणांत ४,००० आजारी असतील, तर तीच चाचणी ३,९२० खरे आणि ३०० खोटे पॉझिटिव्ह देते, उत्तर जवळपास ९३ टक्के. म्हणून तक्ता भरण्याआधी ही माणसं आली कुठून, हे मी विचारायला लावते.