मदत हवी आहे : पुदिन्याने पोटातली कळ जाते, पण छातीत जळजळ सुरू होते, असं का?

वसंती_सांगली

सासऱ्यांसाठी विचारते आहे. वय 61. बेंबीखाली मुरडा मारून कळ येते, पोट तट्ट फुगतं, गॅस सरला की मोकळं वाटतं. त्रास जुना आहे. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत. त्यांत काही निघालं नाही, आतडं जास्त संवेदनशील आहे असं डॉक्टर म्हणाले.

रात्री नऊला जेवण होतं, बहुतेक वेळा भाकरी आणि अख्खा मसूर. त्यानंतर लगेच अर्धा कप कोमट पाण्यात पुदिना अर्काचे पाच-सहा थेंब घेतात. वीसेक मिनिटांत कळ ओसरते, दोन-चार ढेकर येतात. दहाला आडवे होतात आणि अकराच्या सुमारास छातीच्या मधोमध जळजळ, घशाशी आंबट पाणी. ज्या रात्री थेंब घेत नाहीत त्या रात्री जळजळ जवळजवळ नसते, पण कळ असते. सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल चालू आहे.

एकच औषध खाली बरं करतं आणि वर त्रास देतं, हे कसं? थेंब बंद करावेत का?

कृष्णाकाठ

ताई, पुदिना प्रकृतीने थंड. त्याने पित्त वाढायचं कारणच नाही. जळजळ त्या मसुराच्या तिखटाची आहे. पुदिना आतड्याला सैल करतो आणि वायू पुढे सरकतो, म्हणून कळ जाते. थेंब बंद करू नका, उलट दहा करून बघा, पित्तही बसेल.

औषधकट्टा_मिरज

आतडं सैल होतं आणि वायू सरकतो, हे कृष्णाकाठ यांनी बरोबर सांगितलं. पण थेंब वाढवू नका. जळजळ नेमकी त्यानेच वाढेल.

पेपरमिंटमध्ये काम करतं ते मेन्थॉल. आतड्याच्या भिंतीतला स्नायू आवळायचा तर त्याच्या पेशींत कॅल्शियम शिरावं लागतं. मेन्थॉल तो शिरकाव अडवतं, म्हणून आवळलेला स्नायू ढिला पडतो. कळ येते ती आतड्याचा एखादा भाग घट्ट आवळल्यामुळे आणि त्याच्यामागे वायू कोंडल्यामुळे. मेन्थॉल वायू शोषून घेत नाही की नाहीसा करत नाही. त्याला फक्त वाट मोकळी होते.

आता वरचा भाग. अन्ननलिका जठराला मिळते तिथे एक झडप असते, तीही त्याच जातीच्या स्नायूची. आतड्याने ढिलं व्हावं आणि झडपेने घट्ट राहावं असा भेद मेन्थॉल करत नाही, जिथे पोचेल तिथला स्नायू सैल करतं. अर्क पाण्यातून घेतला की तो या झडपेवरूनच खाली जातो आणि जठरात, तिच्या अगदी खालीच, साठून राहतो. सासऱ्यांना जे ढेकर येऊन बरं वाटतं ते झडप सैल झाल्याचं लक्षण आहे. ज्या वाटेने वायू वर येतो त्याच वाटेने तासाभराने आम्ल येतं. तेव्हा जठर भरलेलं असतं आणि माणूस आडवा झालेला असतो.

म्हणजे आम्ल वाढलेलं नाही, ते चुकीच्या जागी आलं आहे. थंडपणाचं म्हणाल, तर थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना मेन्थॉल चेतवतं, म्हणून तोंडाला गार लागतं. जठरातलं आम्ल त्याने एक थेंबही कमी होत नाही.

सुनंदा_कराड

माझ्या आठ महिन्यांच्या बाळालाही गॅसचा त्रास आहे, संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडतं. हाच अर्क एक थेंब पाण्यातून दिला तर चालेल का? घरात अमृतधारापण आहे.

औषधकट्टा_मिरज

सुनंदाताई, नाही. दोन्ही देऊ नका, पोटाला किंवा नाकापाशीही चोळू नका. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाशी तीव्र मेन्थॉल गेलं तर घशाचा स्नायू आवळून श्वास अडू शकतो. अमृतधारेत पेपरमिंट आणि ओव्याच्या फुलाबरोबर कापूरही असतो, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. बाटली हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वसंतीताईंचा प्रश्न मोठ्या माणसाचा आहे, ते इथे लागू करू नका.

वसंती_सांगली

आता ढेकराचं कोडं उलगडलं. एक सांगायचं राहिलं. औषधाच्या दुकानातून पेपरमिंट तेलाच्या लेप असलेल्या कॅप्सूल आणल्या होत्या, आतड्यात जाऊन उघडतात असं सांगितलं होतं. त्या जेवण झाल्यावर दिल्या, जळजळ नको म्हणून बरोबर गुलाबी पातळ अँटॅसिडचे दोन चमचे. तरी तासाभरात पुदिन्याचे ढेकर आणि जळजळ. मग लेपाचा उपयोग काय?

औषधकट्टा_मिरज

पुदिन्याच्या वासाचे ढेकर आले याचा अर्थ कॅप्सूल जठरातच उघडली. घरबसल्या ओळखायची यापेक्षा चांगली खूण नाही.

हा लेप आम्लात टिकतो आणि आम्ल कमी झालं की विरघळतो. उपाशी जठरात आम्ल तीव्र असतं, त्यामुळे कॅप्सूल तशीच पुढे जाते. लहान आतड्यात आम्लता ओसरते, तिथे लेप सुटतो. तुमच्याकडे दोन गोष्टी उलट झाल्या. भरपेट जेवणानंतर घेतल्याने कॅप्सूल अन्नाबरोबर जठरात तासन् तास अडकली. त्यातच अँटॅसिडने तिथलं आम्ल मारलं आणि लेपाला आतड्यात आल्यासारखं झालं. जळजळ थांबवायला दिलेल्या औषधानेच जळजळ घडवली.

बहुतेक कॅप्सूलमध्ये 0.2 मिली तेल असतं. मोठ्या माणसाला एक कॅप्सूल दिवसातून दोन किंवा तीन वेळा, जेवणाआधी अर्धा ते एक तास, साध्या पाण्याबरोबर. चावायची नाही, फोडून तेल काढायचं नाही. अँटॅसिड लागलंच तर मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. रात्रीचं जेवण नऊला असेल तर कॅप्सूल आठ-सव्वाआठला, आणि जेवण आठपर्यंत आणता आलं तर कॅप्सूल सातला. जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास हवेत, सध्या एकच आहे. झोपताना डाव्या कुशीवर. तेव्हा जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर उलट होतं.

गुदद्वाराशी आग होऊ लागली तर घाबरू नका. तेल न शोषलं जाता टोकापर्यंत पोचलं असा त्याचा अर्थ, मात्रा कमी करायची. दोन ते चार आठवड्यांत कळेत फरक नाही पडला तर पुढे ढकलत राहण्यात अर्थ नाही.

अडचण पँटोप्राझोलची आहे. अँटॅसिडसाठी अंतर ठेवता येतं, पण पँटोप्राझोल दिवसभर आम्ल कमी ठेवतं. त्यामुळे वेळ पाळूनही लेप लवकर सुटू शकतो. ते स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: जळजळ मुख्यतः अर्काच्या रात्रीच होते, तर पँटोप्राझोल अजून लागतं का?

माणदेशी_दहिवडी

मी लेपाच्या कॅप्सूल नीट उपाशीपोटी घेतो, आम्लाची कुठलीच गोळी चालू नाही, पुदिन्याचे ढेकर येत नाहीत. तरी जळजळ होते. मग तुमचं स्पष्टीकरण माझ्या बाबतीत बसत नाही.

दुसरं, पुदिन्याच्या चटणीनेही जळजळ होते असं आमच्याकडे सगळे म्हणतात. वसंतीताईंनी ती पण बंद करावी.

औषधकट्टा_मिरज

पहिलं मान्य. लेपाच्या कॅप्सूलवरही छातीत जळजळ हा वारंवार दिसणारा दुष्परिणाम आहे. कुणाच्या जठरात थोडं तेल ढेकर न येताही सुटत असेल, कुणाची झडप मुळात ढिली असेल. तुमच्यात यातलं काय आहे हे इथून सांगता येणार नाही. ज्यांना हायटस हर्निया आहे किंवा जळजळ हाच मुख्य आजार आहे, त्यांनी पेपरमिंटच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

चटणीबद्दल मात्र वेगळं मत आहे. आपल्याकडे मंडईत मिळणारा पुदिना बहुधा पेपरमिंट नसून स्पिअरमिंट असतो. त्याचा वास कार्व्होनचा, मेन्थॉल त्यात अगदी थोडं. चटणीतली हिरवी मिरची आणि लसूण यांवर मला जास्त संशय आहे.

माणदेशी_दहिवडी

मिरची न घालता केलेली चटणी खाऊनही घशाशी आलेलं मी पाहिलंय. तुमचं मत तुमच्यापाशी.

वसंती_सांगली

चटणी तूर्त मिरचीशिवाय देऊन बघते, नाही सोसली तर बंद. अर्क आजपासून बंद. पण पँटोप्राझोल चालूच ठेवायचं ठरलं तर कळेसाठी काय? घरात डायसायक्लोमिनच्या गोळ्या आहेत. त्यांना प्रोस्टेटचाही त्रास आहे, लघवीला वेळ लागतो.

औषधकट्टा_मिरज

मग डायसायक्लोमिन देऊ नका. ते वेगळ्या मार्गाने स्नायू सैल करतं, पण वरची झडप त्यानेही ढिली पडू शकते, आणि प्रोस्टेट असलेल्या माणसाची लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तरही ते टाळतात. मेबेव्हेरिन नावाचं औषध आतड्याच्या स्नायूवर काम करतं आणि त्याला लघवीची ही अडचण नसते. तुमच्या बाबतीत चालेल का ते डॉक्टरांना विचारा, दुकानातून परस्पर आणू नका. आणि रात्रीचा अख्खा मसूर दुपारी हलवून बघा. कडधान्यातल्या न पचणाऱ्या साखरेवर मोठ्या आतड्यातले जंतू वायू करतात. तो भार झोपेच्या वेळेपासून दूर गेला तर औषधाची गरजच कमी होईल.

आणखी एक, आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. 61 व्या वर्षी छातीतली प्रत्येक जळजळ आम्लाचीच असेल असं धरू नका. चालताना, जिना चढताना छाती भरून आली, घाम फुटला, कळ जबड्याकडे किंवा डाव्या हातात गेली, तर पुदिना, अँटॅसिड काही न देता थेट दवाखाना गाठा आणि ईसीजी काढून घ्या. काळी शौच, गिळताना घास अडकणं किंवा वजन उतरणं यांतलं काही दिसलं तरी डॉक्टरांकडे लवकर जा.

वसंती_सांगली

जिना चढताना धाप लागते असं ते अधूनमधून म्हणतात, आम्ही वयाचं समजत होतो. जळजळ मात्र झोपल्यावरच. तरी उद्याच ईसीजी काढून घेते. पँटोप्राझोल आणि मेबेव्हेरिनचं त्याच वेळी विचारते, कॅप्सूलची पाकिटं बरोबर नेते. काय ठरलं ते इथेच लिहीन.