‘नॉर्मल इक्वेशन्स’: सामान्य, प्रसामान्य की लंब?

वैशाली, इंदूर: विखुरलेल्या बिंदूंमधून लघुतम वर्ग पद्धतीने y = a + bx + cx² बसवताना जी तीन समीकरणं मांडतो, त्यांना मराठीत काय म्हणावं? इथल्या मुलांच्या हिंदी पुस्तकांत ‘प्रसामान्य समीकरण’ असतं. मराठीत ‘सामान्य समीकरणे’ म्हटलं की मुलं विचारतात, मग असामान्य कोणती?

समीर: प्रसामान्यच बरोबर. चुका प्रसामान्य वितरणाच्या असतात असं आपण धरतो, त्यावरूनच हे नाव पडलं.

मुकुंदकाका: समीर, चुका तशा असल्या तर या पद्धतीला जास्त बळ मिळतं, विश्वासमर्यादा काढता येतात, इतकं खरं. पण समीकरणं मांडायला त्या गृहीतकाची गरजच नाही. लजाँद्रने १८०५ मध्ये ही पद्धत छापली ती त्याच्याशिवायच. इथला ‘नॉर्मल’ मला भूमितीतला वाटतो, म्हणजे लंब. कल्पित आकडे घेऊन दाखवतो. गच्चीवरचं तापमान, वेळ १०, १२, १४, १६, १८ वाजता. अंश ३०, ३५, ३६, ३८, ३२. आधी मधली वेळ शून्यावर आणा, u = (वेळ − १४)/२. मग u होतो −२, −१, ०, १, २.

आता y = a + bu + cu² हे पाचही बिंदूंसाठी लिहून बेरीज करा, ते पहिलं समीकरण. प्रत्येक ओळीला तिच्या u ने गुणून बेरीज केली की दुसरं, u² ने गुणून केली की तिसरं.

```
171 =  5a +  0b + 10c
  7 =  0a + 10b +  0c
321 = 10a +  0b + 34c
```

u आणि u³ यांच्या बेरजा शून्य झाल्या म्हणून b एकटा सुटला, ०.७. पहिल्याची दुप्पट तिसऱ्यातून वजा केली की १४c = −२१, म्हणून c = −१.५ आणि a = ३७.२.

आता वक्राने दिलेलं तापमान मोजलेल्यातून वजा करा. उरतं ०.२, ०, −१.२, १.६, −०.६. यांची बेरीज शून्य. u ने गुणून बेरीज केली तरी शून्य, u² ने गुणून केली तरी शून्य. म्हणजे उरलेला भाग १, u आणि u² यांच्या तिन्ही स्तंभांना लंब आहे, आणि ती तीन समीकरणं नेमकं एवढंच सांगतात. हाताने सोडवल्यावर या तीन बेरजा घ्याव्यातच. एखादी शून्याच्या जवळ आली नाही, तर बहुधा Σu² च्या जागी (Σu)² घातलेलं असतं.

गौरी, ग्वाल्हेर: मला वाटायचं, वर्गबहुपदी बसवतो म्हणून ‘लघुतम वर्ग’! म्हणजे सरळ रेषेला हे नाव लागत नाही का?

मुकुंदकाका: लागतं, गौरी. वर्ग x चा नाही, चुकीचा. वरच्या उदाहरणात ०.०४ + ० + १.४४ + २.५६ + ०.३६ = ४.४, ही बेरीज लहानात लहान. हा गोंधळ मराठीतच जास्त होतो, कारण आपण दोन्हीकडे ‘वर्ग’ म्हणतो. हिंदीत बहुपदी ‘द्विघात’ होते, त्यामुळे तिथे दोन शब्द वेगळे राहतात.

गौरी: मग माझी अडचण सांगते. सहा नोंदी आहेत, पण तीन सकाळी ८ च्या, तीन दुपारी २ च्या. समीकरणं सुटतच नाहीत, शेवटी ० = ० येतं.

मुकुंदकाका: वेळा दोनच, म्हणून. त्या दोन वेळांच्या सरासरीतून जाणारे अन्वस्त अगणित आहेत आणि सगळ्यांची चूक सारखीच. निदान तीन वेगळ्या वेळा हव्यात. अगदी तीनच असल्या, तर वक्र प्रत्येक वेळेच्या सरासरीतून तंतोतंत जातो, आणि आकार खरंच अन्वस्ताचा आहे का ते कळत नाही.

समीर: u घेण्याची खटपट कशाला? थेट वेळ टाकून गणकयंत्राने होतंच की.

मुकुंदकाका: इथे होईल, चौथ्या घातांची बेरीज २,३९,६६४ येते. पण x च्या जागी २०२० सारखी सालं टाकलीस, तर एकेक चौथा घात चौदा अंकी. जवळजवळ सारख्या प्रचंड संख्या वजा होतात आणि दहा-बारा अंकी यंत्रात c चे खरे अंकच गळून पडतात. मधलं साल वजा केलं की प्रश्न मिटतो.

वैशाली: मग ‘लंब समीकरणे’ म्हणू? की प्रकाशाच्या धड्यात नॉर्मलला ‘स्तंभिका’ म्हणतात, तसं काही?

मुकुंदकाका: स्तंभिका ही रेषा, समीकरणाला ते नाव जड होईल. मी ‘लंब समीकरणे’ वापरीन.

समीर: पण हिंदी पेपरात ‘प्रसामान्य’ छापून येतं, काका. मुलांना तोच शब्द ओळखता यायला हवा.

वैशाली: वहीत दोन्ही लिहायला सांगते. ‘सामान्य’ मात्र मी सोडला.