फोन हरवला होता हे पार्टीला पटेना, दोन टिक दाखवतोय. काय सांगायचं?

शिरोलीचा_बापू: आपली छोटी फाउंड्री आहे, माल चाकणला जातो. परवा एसटीनं कणकवलीला निघालो आणि वाटेत फोन गेला. पार्टीनं ११.१० ला व्हॉट्सॲप टाकलेला, 'ड्रॉइंग बदललंय, आजची गाडी सोडू नका'. मला काय पत्ता, दुपारी १ ला गाडी सुटली. आता पार्टी म्हणते मेसेजला दोन टिक होत्या म्हणजे तुम्हाला मिळालेला, फोन मुद्दाम बंद ठेवला, जाण्यायेण्याचं भाडं तुमचं. पोलीस नोंद पाठवू की गप्प बसू?

तांबडा_पांढरा: गप्प बस भावा. जेवढं जास्त सांगशील तेवढा खोटा वाटशील. 'फोन हरवला होता, सॉरी, माल बदलून देतो' एवढं टाक आणि विषय संपव. पोलिसांचा कागद पाठवणारा माणूस बघितला की मला तर आधी शंकाच येते, एवढी तयारी कशाला केली ह्यानं?

मार्केटयार्ड_गूळ: अजिबात नाही. इथं भाड्याचा प्रश्न आहे, रुसवाफुगवी नाही ही. तोंडी सॉरी म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं आणि पुढच्या बिलात पैसे कापून येतात, आमच्याकडं हेच चालतं. नोंदीची कॉपी पाठवाच.

दाजीपूर_वाट: राधानगरीच्या पुढं कुठल्या सिमला रेंज असते सांगा की कुणीतरी, रविवारी जायलाय.

रेंज_शोधक: बापू, आधी एक सांगा, ऑफिसच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप उघडं होतं का? कारण दोन टिकचा अर्थ मेसेज तुमच्या हातातल्या फोनवरच पोचला असा होत नाही. फोन किंवा जोडलेला लॅपटॉप, कुठंही उतरला तरी दोन टिक पडतात, आणि फोन बंद असला तरी लॅपटॉप चौदा दिवसांपर्यंत चालत राहतो. टिक निळ्या झाल्या असतील तर मात्र कुणीतरी चॅट उघडलंय, आणि तेव्हा पार्टीचं म्हणणं जड होतं, अर्थात वाचल्याची खूण सेटिंगमधून बंद केली असेल तर निळ्या होणारच नाहीत. स्क्रीनशॉट मागून रंग बघा.

चाकण_परचेस: मी पलीकडच्या बाजूचा माणूस म्हणून बोलतो. सप्लायरचा फोन लागत नाही तेव्हा आम्ही टेप ऐकतो. 'संपर्क क्षेत्राबाहेर' असेल तर रेंज नाही, 'स्विच ऑफ' असेल तर माणसानं हातानं बंद केलाय. टेप खोटं बोलत नाही. यांच्या पार्टीनं काय ऐकलं ते विचारा.

रेंज_शोधक: इथं अर्धंच बरोबर आहे साहेब. फोन नीट बंद केला तर तो जाता जाता नेटवर्कला कळवतो आणि लगेच स्विच ऑफची टेप लागते, हे खरं. पण बॅटरी काढली किंवा फोन घाटात रेंजबाहेर गेला तर नेटवर्कला काहीच कळत नाही, ते शोधत बसतं आणि उत्तर आलं नाही की 'संपर्क क्षेत्राबाहेर' म्हणतं. फोनची नेटवर्ककडं ठरावीक वेळानं हजेरी लागत असते, ती बराच वेळ चुकली की नेटवर्क त्याला आपणहून बंद धरतं, आणि मग गगनबावड्याच्या खाली खिशात चालू असलेल्या फोनलासुद्धा स्विच ऑफची टेप लागू शकते. शिवाय टेपचे शब्द कंपनीगणिक वेगळे. आणि फोन चोराच्या हातात गेला तर तो पहिल्यांदा बंदच करणार, म्हणजे हातानं बंद झाला हे खरं असलं तरी हात बापूंचा कशावरून?

शिरोलीचा_बापू: लॅपटॉप चालूच होता! ऑफिसात पोरगं असतंय पण ते त्या वेळी शॉपवर होतं, लोडिंग बघत. टिक निळ्या नाहीत, करड्या आहेत. माझा शेवटचा कॉल कळ्याच्या अलीकडं झाला, असळजच्या पुढं फोन काढलाच नाही, वैभववाडीला उतरून चहाचे पैसे द्यायला गेलो तर खिसा रिकामा. कंडक्टरच्या फोनवरनं घरी कळवलं, पार्टीचा नंबर कुठला पाठ असायला.

मार्केटयार्ड_गूळ: मग सुटलाच की! लॅपटॉपचं सांगा, विषय मिटला.

रेंज_शोधक: मिटत नाही हो, उलट अडकतो. 'मेसेज माझ्या लॅपटॉपवर उतरला' असं म्हटलं की पार्टी म्हणणार, म्हणजे तुमच्या ऑफिसला मिळालाच, वाचला नाही हा तुमचा प्रश्न. फोन हरवल्याचा पुरावा खोटेपणाचा आरोप धुवून काढतो, भाड्याचा नाही. ह्या दोन गोष्टी एकाच मेसेजमध्ये मिसळू नका.

चाकण_परचेस: हे मान्य. पण आमच्यासारख्याला आणखी एक खटकतं, दुसऱ्या दिवशी बापूंचा फोन लागत होता म्हणे, मग आमच्या मेसेजचं उत्तर का नाही?

शिरोलीचा_बापू: नवीन सिम काढलं, कॉल चालू झाले पण एसएमएस एक येईना. बँकेचा ओटीपी पण नाही. दुकानदार म्हणाला चोवीस तास थांबा.

उषाताई_राजारामपुरी: माझ्या मिस्टरांचं पण हेच झालेलं! सिम बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस येत पण नाही जात पण नाही, सगळ्यांनाच. कुणी दुसऱ्यानं तुमच्या नावानं सिम काढून बँक रिकामी करू नये म्हणून ठेवलंय. आम्ही समजलो सिमच खराब, परत दुकानात जाऊन भांडलो. व्हॉट्सॲपचा कोड मात्र आम्ही कॉल करून घेतला, तो पर्याय येतो थोड्या वेळानं. आमच्या सासूबाईंना वाटलं मिस्टर रागावून उत्तर देत नाहीत, दोन दिवस अबोला धरला त्यांनी.

रेंज_शोधक: बरोबर. आणि सिम नवीन मिळालं तरी मधल्या वेळेत कुणाचे कॉल येऊन गेले ते नवीन फोनवर दिसत नाही. मिस्ड कॉलचे अलर्ट येतात ते एसएमएसनं, आणि एसएमएसच बंद. 'मिस्ड कॉल बघून पण फोन केला नाही' हा आरोप म्हणून टिकत नाही. पोलीस नोंदीचं म्हणाल तर फोन ceir.gov.in वर ब्लॉक करायला ती लागतेच, त्यामुळं कुणाला दाखवायला म्हणून काढलीय असं वाटायचं कारण नाही. ब्लॉकची विनंती केल्यावर नंबर मिळतो, तो आणि नवीन सिम घेतल्याची तारीख-वेळ, एवढंच जोडा.

तांबडा_पांढरा: बघा, किती पानं झाली! पार्टी हे वाचणार आहे का? त्याला गाडी परत कधी येणार आणि नवीन माल कधी लागणार ते हवंय. मी अजून म्हणतो, पहिल्या ओळीत तारीख लिही.

चाकण_परचेस: ह्यावर मी तांबड्याच्या बाजूला. माझ्या टेबलावर लाइन थांबलेली असते, तुमचा टॉवर कुठं होता ते मी संध्याकाळी वाचीन.

शिरोलीचा_बापू: असं लिहिलं, बघा बरं. 'नव्या ड्रॉइंगचा माल गुरुवारी निघेल. सोमवारी सकाळी कळ्यानंतर प्रवासात फोन हरवला, पोलीस नोंद आणि ब्लॉकचा नंबर सोबत. तुमचा ११.१० चा मेसेज ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरला, टिक करड्या आहेत, कुणी उघडला नव्हता. मंगळवारी नवीन सिमवर चोवीस तास एसएमएस बंद होते. भाड्याबद्दल फोनवर बोलू.'

रेंज_शोधक: लॅपटॉपची ओळ मी असतो तर लिहिली नसती, पण लपवून पण ठेवता येत नाही म्हणा.

मार्केटयार्ड_गूळ: ठेवा ठेवा, खरं तर आहे.

शिरोलीचा_बापू: पाठवला. फोन आला आत्ता, भाडं अर्धं अर्धं म्हणतोय, चाकणला उतरवायची हमाली कुणी द्यायची ह्यावर अडलंय. मेसेजवर 'गाडी थांबवा' पाठवून वर फोन पण करायचा की नाही ते त्याला विचारलं तर म्हणतो तुमचा फोन लागत नव्हता!

दाजीपूर_वाट: राधानगरीचं राहिलंच की राव.