स्टॉर्मिंगला हुकूम की समजावणी? पाच गुणांच्या उत्तरावरून वाद

डिग्रसचा_विद्यार्थी:
परवा पेपर आहे. प्रश्न असा: "गटाच्या विकासाचे पाच टप्पे लिहा व प्रत्येक टप्प्याला साजेशी नेतृत्वशैली सांगा", 5 गुण. स्टॉर्मिंगला, म्हणजे भांडणाच्या टप्प्याला, मी टेलिंग लिहिलं, म्हणजे सरळ हुकूम. भांडण चालू असताना कोणीतरी ठाम सांगावंच लागतं. मैत्रिणीनं सेलिंग लिहिलं, म्हणजे समजावून सांगणं. पाचव्या टप्प्यापुढे तर नोट्समध्ये शैलीच नाही. कोणाचं बरोबर?

तयारी_चालू:
भाऊ, गटविकास अधिकाऱ्याच्या परीक्षेचा प्रश्न असेल तर पंचायत समितीची रचना, सभापतींचे अधिकार आणि ग्रामपंचायतींवरची देखरेख एवढं लिही. नेतृत्वशैली त्यात कुठून आली ते कळलं नाही. कोणत्या वर्षीचा पेपर आहे?

डिग्रसचा_विद्यार्थी:
नाही दादा, हा व्यवस्थापनाचा पेपर आहे. इथं गट म्हणजे एकत्र काम करणारी माणसं.

मुकादम_पुसद:
तुझंच बरोबर हाय. मी अठरा वर्षं जिनिंगवर टोळ्या चालवल्या. नवी टोळी आली की चौथ्या-पाचव्या दिवशी कटकट होतेच. गाठोडं कोण उचलणार, रात्रपाळी कोणाची, भाकरीची सुट्टी किती. तिथं समजावत बसलो तं ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात. म्या सांगायचं, "तू इथं, तू तिथं, बोलणं उद्या." भांडण बंद. लिही बिनधास्त.

दारव्हा_रोड:
मुकादमभाऊ म्हणतात ते अर्धं पटतं. मशीन चालू असताना, पट्ट्याजवळ किंवा आग लागेल अशा ठिकाणी हुकूमच हवा, तिथं चर्चा नको. पण भांडण बंद झालं म्हणजे टप्पा ओलांडला असं होत नाही. मी बावीस वर्षं हा विषय शिकवला आणि निवृत्तीनंतर बचत गटांच्या बैठकांना बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा गोंधळ एका गोष्टीतून होतो. टप्पे आणि शैली ही एकाच माणसाची मांडणी नाही. टप्पे ब्रूस टकमनचे. 1965 साली त्याने चारच दिले होते: फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग. पाचवा, अ‍ॅडजर्निंग, म्हणजे गटाचं विसर्जन, 1977 मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सनसोबत जोडला. शैली हर्सी आणि ब्लँचर्ड यांच्या, 1969 पासूनच्या, आणि त्या चारच: टेलिंग, सेलिंग, पार्टिसिपेटिंग, डेलिगेटिंग. शिकवणाऱ्यांनी चाराला चार जोडून दिले. पाचवा उरला, म्हणून तुझ्या नोट्समध्ये तिथं जागा रिकामी आहे.

आता स्टॉर्मिंग. टेलिंगमध्ये नेता काम कसं करायचं ते सांगतो, नात्याकडे फारसं बघत नाही. सेलिंगमध्ये तो काम तितकंच घट्ट धरतो, शिवाय कारण सांगतो आणि ऐकूनही घेतो. म्हणजे सेलिंगला मऊ समजू नकोस, त्यात सूट काहीच नाही. स्टॉर्मिंगमध्ये माणसांना काम अजून पुरतं जमत नाही, म्हणून दिशा सोडता येत नाही. आणि मनं दुखावलेली असतात, म्हणून नुसती दिशा पुरत नाही. तुझी मैत्रीण बरोबर आहे.

मुकादम_पुसद:
सर, दुखावलेली मनं बघत बसलो तं हंगाम जाईल. माझी टोळी चाललीच ना?

दारव्हा_रोड:
तुम्ही दोन दिवस गावी गेलात की काय होत होतं?

मुकादम_पुसद:
पुन्हा तेच. पण मी होतो ना तिथं.

चंदाताई_गट:
सर, तुमचा हा प्रश्न वाचून मला आमची डाळ मिल आठवली. आम्ही बारा जणी, गावात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल बसवली. तूर निघाली की जानेवारीपासून होळीपर्यंत चालते. पहिल्या वर्षी दुसऱ्याच आठवड्यात मोठं भांडण झालं. एका शेतकऱ्याची 100 किलो तूर आली, डाळ निघाली 64 किलो. तो म्हणाला, 70 च्या वर यायला पाहिजे. मग आमच्यात सुरू झालं. वजन कोण करते, पोतं कोणी उघडलं. पाण्याच्या टाकीजवळ दोघी-दोघी उभ्या राहून बोलायच्या, बैठकीत मात्र चूप.

मी अध्यक्ष. म्हटलं, उद्यापासून वजन फक्त मी करणार, काटा माझ्या घरी राहील. भांडण एका दिवसात थांबलं. मला वाटलं, जमलं. मग भाच्याच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेले. परत आले तर काटा पडून, मिल बंद, चार जणी यायच्या थांबलेल्या.

दारव्हा_रोड:
ताई, हेच मला सांगायचं होतं. हुकमानं आलेली शांतता आणि नॉर्मिंगची शांतता बाहेरून सारखीच दिसते. नेता चार दिवस बाजूला झाला की फरक कळतो. नॉर्मिंगमध्ये सभासदच एकमेकींना नियमाची आठवण देतात. हुकमाच्या शांततेत सगळ्या तुमच्याकडे बघत राहतात. मग पुढे काय केलंत?

चंदाताई_गट:
शिबिरातल्या एका मॅडमनं सांगितलं तसं केलं. पुढच्या पोत्यापासून सगळ्यांसमोर फक्त डाळच नाही, निघालेलं सगळं मोजलं. पुढचं पोतंही 100 किलोचं होतं, ते असं निघालं: डाळ 64, चुणी-चुरी 16, टरफल 11, न सोललेले दाणे 7, बाकी 2 उडालेलं. चोरी कोणीच केली नव्हती. त्या आठवड्यात आभाळ होतं. तेल-पाणी लावलेली तूर पुरती वाळली नव्हती, म्हणून टरफल सुटेना, दुसऱ्यांदा काढली आणि दाणे फुटले. पुढच्या खेपेला ऊन पडेपर्यंत दोन दिवस थांबलो, तर 72 आली.

काटा परत मिलवर नेला. वजन झाल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही, हा नियम मी ठेवला, सोडला नाही. पण का ते सगळ्यांना कळलं होतं. फळ्यावर आकडा आणि दोघींच्या सह्या. पंधरा दिवसांनी मी उशिरा आले तर एक जण म्हणते, "ताई, तुमच्या पोत्याचं वजन फळ्यावर नाही, लिहून मग जा."

दारव्हा_रोड:
ते वाक्य म्हणजे नॉर्मिंग. तिथून तुम्ही पार्टिसिपेटिंगकडे जायचं, म्हणजे निर्णय त्यांना सोबत घेऊन घ्यायचे, स्वतः मदत करायची. विद्यार्थ्या, पेपरात पाच गुणांना एवढं पुरतं. वाटल्यास असं लिही:

"फॉर्मिंगमध्ये, म्हणजे गट तयार होताना, सभासद अनोळखी असतात व सर्व प्रश्न नेत्याला विचारतात, येथे टेलिंग. मग स्टॉर्मिंगमध्ये काम, मान व अधिकार यांवरून मतभेद होतात. नेता दिशा कायम ठेवून कारणे सांगतो व ऐकतो, ही सेलिंग शैली. नॉर्मिंगमध्ये नियम सर्वांनी मान्य केल्यावर नेता निर्णयात सभासदांना घेतो, ही पार्टिसिपेटिंग. परफॉर्मिंगमध्ये गट स्वतः अडचणी सोडवू लागला की नेता अधिकार सोपवतो, ही डेलिगेटिंग. काम संपल्यावर गट विसर्जित होतो, हे अ‍ॅडजर्निंग. या पाचव्या टप्प्याला मूळ चार शैलींत स्वतंत्र शैली नाही, मात्र हिशेब पूर्ण करण्यात नेत्याने दिशा द्यावी व सभासदांना आधार द्यावा."

स्टॉर्मिंगच्या वाक्यात "दिशा कायम ठेवून" हे शब्द वगळू नकोस. ते नसले तर तपासणारा समजेल की तू नेत्याला सगळं सोडून द्यायला सांगतोयस.

अकोला_एमबीए:
सर, मला हे पायऱ्यांचं चित्रच पटत नाही. कॉनी गर्सिकचा 1988 चा अभ्यास आहे, आठ गटांचा. ते गट अशा पायऱ्यांनी गेलेच नाहीत. पहिल्या बैठकीत एक पद्धत ठरली, तीच निम्मी मुदत संपेपर्यंत चालली, आणि मध्यावर एकदम बदलली. मग प्रत्येक टप्प्याला शैली वाटण्यात काय अर्थ? मी माझ्या प्रकल्पात तेच पाहिलं. भांडण पहिल्या महिन्यात झालंच नाही, मुदत अर्धी उलटल्यावर झालं.

दारव्हा_रोड:
गर्सिकचे गट मुदतीच्या कामाचे होते. टकमनने जमवलेल्या लेखांत मोठा भाग उपचार गट आणि प्रशिक्षण गटांचा होता. त्यामुळे दोघांचं म्हणणं आपापल्या जागी लागू होतं. चंदाताईंची मिल होळीला बंद होते, म्हणजे तीही मुदतीचीच, आणि तिथं भांडण दुसऱ्या आठवड्यात झालं. एका गावावरून मी नियम काढणार नाही. पण तुमचा मुद्दा एका जागी जड आहे. हर्सी-ब्लँचर्डच्या मांडणीत माणसाची तयारी त्या त्या कामाच्या संदर्भात मोजली जाते, गटाच्या वयावर नाही. बारा जणी डाळ काढण्यात पारंगत असतील, पण पाकिटावर लेबल लावून शहरात विकायला लागल्या की त्या कामात पुन्हा नव्या. तिथं टेलिंगपासूनच सुरुवात. "आमचा गट परफॉर्मिंगला आहे" म्हणून सगळं सोपवलं तर तिथंच फसतं.

मुकादम_पुसद:
हे पटलं. माझे जुने गडी नव्या प्रेस मशीनवर लावले तं पहिल्याच दिवशी बोट जाता जाता वाचलं. जुनेच होते.

अकोला_एमबीए:
मग विसर्जन तरी विकासाचा टप्पा कसा? काम संपलं, माणसं गेली. तोवर गट पिकलेला असतो, डेलिगेटिंगच चालू ठेवा.

चंदाताई_गट:
नाही भाऊ, तसं करूनच आम्ही फसलो. पहिल्या होळीला मी म्हटलं, आता सगळ्यांना सगळं माहीत आहे, आपापलं आवरा. आवरलं कोणीच नाही. तीन पोत्यांची मजुरी कोणाच्याच वहीत नव्हती. मशीनचा पट्टा ढिला न करताच झाकला, उंदरांनी कुरतडला. त्यापेक्षा वाईट म्हणजे ज्या बाईचे पैसे राहिले ती दुसऱ्या हंगामाला आली नाही, आणि तिच्या मनात काय होतं ते आम्हाला आजही माहीत नाही. आता शेवटच्या आठवड्यात मी परत पहिल्या दिवसासारखी होते. यादी माझी, तारीख माझी, एकेकीला नाव घेऊन हिशेब वाचून दाखवते. त्या चिडत नाहीत, उलट थांबतात.

अकोला_एमबीए:
म्हणजे पाचव्या टप्प्याला परत टेलिंग? मग वर्तुळच झालं.

दारव्हा_रोड:
हिशेबापुरतं टेलिंग, माणसांपुरता आधार. एका शब्दात बसत नाही, म्हणूनच उत्तरात मी शैलीचं नाव लिहिलं नाही. माझे काही सहकारी मात्र तिथं सरळ "सपोर्टिंग" लिहायला सांगतात आणि पूर्ण गुण देतात. तपासणारा कोण आहे यावर ते आहे.

डिग्रसचा_विद्यार्थी:
सर, आमच्या नोट्समध्ये सेलिंगच्या जागी "कोचिंग" लिहिलंय. दोन्ही लिहू की एकच?

दारव्हा_रोड:
ब्लँचर्डने पुढे आपल्या मांडणीत नावं बदलली, त्यात दुसऱ्या शैलीचं नाव कोचिंग. तुमच्या पुस्तकात जो संच असेल तो अख्खा वापर, दोन्ही संचांतली नावं मिसळू नकोस. कोचिंग लिहिलंस तर चारही नावं त्याच संचातली: डायरेक्टिंग, कोचिंग, सपोर्टिंग, डेलिगेटिंग.

मुकादम_पुसद:
चंदाताई, ती बाई पुढे कधी आली का?

चंदाताई_गट:
नाही. तिचे पैसे पाकिटात घालून दोनदा घरी गेले, दार उघडलं नाही. यंदा तिच्या सुनेला मिलवर घेतलंय, पैसे तिच्या हाती दिले.