शब्दचर्चा: 'परंतुक' पोटकलमात धरायचं का? (माहितीचा अधिकार अधिनियम, 2005, कलम 7)

पहिलं_वर्ष: बेअर ॲक्ट वाचायला नुकतीच सुरुवात केली आहे. कलम 7, पोटकलम (1) वर अडले. आधी म्हटलंय की 30 दिवसांत माहिती द्या किंवा कारण दाखवून अर्ज फेटाळा. मग नव्या ओळीवर 'परंतु': मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर 48 तासांत द्या. या ओळीला स्वतःचा क्रमांक नाही. मग ही पोटकलम (1) मध्येच धरायची की वेगळी? उत्तरपत्रिकेत उल्लेख कसा करायचा?

कलमवाचक: पोटकलम (1) मध्येच. उल्लेख 'कलम 7, पोटकलम (1) चे परंतुक' असा करा. इंग्रजी पाठ उघडलात तर दिसेल की मुख्य भागानंतर पूर्णविराम नाही, अपूर्णविराम आहे. म्हणजे वाक्य संपलेलं नाही.

वाचताना आधी सुरुवातीचं '...च्या अधीन राहून' आणि शेवटचं 'परंतु' हे दोन्ही बोटाने झाका. उरलेल्यात कोणी, काय, किती मुदतीत करायचं ते शोधा: जन माहिती अधिकाऱ्याने, अर्ज मिळाल्यावर, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत 30 दिवसांत, माहिती द्यायची किंवा कलम 8 आणि 9 मधल्या कारणावरून अर्ज फेटाळायचा. आता परंतुक उघडा आणि विचारा, यातलं नेमकं काय बदललं? फक्त मुदत बदलली. अधिकारी तोच, अर्जही तोच. परंतुक ज्या वाक्याला जोडलंय त्यातला एक तुकडा कापून त्याला वेगळा नियम लावतं. त्याला सुटं वाचलं की गोंधळ होतो.

बिनशर्त: सुरुवातीच्या 'अधीन राहून'चं सोपं आहे. तिथे कलम 5(2) आणि कलम 6(3) अशा दोन परंतुकांचा उल्लेख आहे. दोन्हींत पाच दिवस आहेत. म्हणून अर्ज सहायक माहिती अधिकाऱ्याकडे दिला किंवा दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला, तर मुदत 35 दिवस. पाठ करून टाका.

कलमवाचक: अर्धं बरोबर. आकडा एकच असला तरी शब्द वेगळे आहेत. कलम 5(2) चं परंतुक म्हणतं की कलम 7(1) मधली मुदत मोजताना त्यात पाच दिवस मिळवावेत. कलम 6(3) चं परंतुक मिळवण्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. ते म्हणतं, अर्ज वर्ग करायचा तर मिळाल्यापासून पाच दिवसांच्या आत करा. ही पहिल्या कार्यालयावरची मर्यादा झाली. केंद्राच्या कार्मिक विभागाच्या मार्गदर्शिकेतही वर्ग झालेल्या अर्जाचे 30 दिवस दुसऱ्या कार्यालयाला तो मिळाल्यापासून धरले आहेत.

तारखा घालून बघा. अर्ज 3 जूनला थेट जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला. मिळाल्याचा दिवस सोडून 4 जून हा पहिला दिवस, म्हणून तिसावा दिवस 3 जुलै. तोच अर्ज 3 जूनला सहायकाकडे दिला असता तर 8 जुलै. आणि 3 जूनला चुकीच्या कार्यालयात दिला, त्यांनी 6 जूनला पाठवला आणि दुसऱ्या कार्यालयाला 7 जूनला मिळाला, तर 7 जुलै. सरसकट 35 धरणाऱ्याचा हिशोब इथे एक दिवसाने चुकतो.

पेन्शनर_नाशिक: माझी पेन्शन चार महिने अडली आहे. पेन्शनवरच जगतो, म्हणजे जीविताचा प्रश्न झालाच. 48 तासांचं कलम लावून अर्ज करू का?

जुनी_फाईल: काका, लिहायला कोणी अडवणार नाही, पण टिकणं कठीण. माहिती आयोगांनी हे परंतुक साधारणपणे जिवाला किंवा स्वातंत्र्याला निकडीचा धोका असेल तिथेच लावलंय. अटकेत असलेला माणूस कुठे ठेवलाय, अशा प्रकारची माहिती. 30 दिवसांचाच अर्ज करा. मुदत उलटली की माहिती फुकट द्यावी लागते, कलम 7(6).

पहिलं_वर्ष: पण 'जीवित' आणि 'व्यक्ती' यांची व्याख्या कलम 2 मध्ये सापडत नाही. मग काकांचा अर्थ चुकीचा कशावरून?

कलमवाचक: चुकीचा म्हणण्यापेक्षा, व्याख्या त्यांना मदतही करत नाही आणि अडवतही नाही. 'जीवित' कलम 2 मध्ये नाही, म्हणून अर्थ संदर्भावरून काढायचा, आणि शेजारी 48 तास उभे आहेत हाच इथला मोठा संदर्भ. 'व्यक्ती' मात्र केंद्राच्या 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात सापडेल. तिथे तिच्यात कंपनीचाही समावेश आहे. पण त्या व्याख्याही विषय किंवा संदर्भ विरोधात नसेल तरच लागतात, आणि कंपनीला जीवित कुठून येणार? व्याख्या आंधळेपणाने चिकटवू नये याचं हे चांगलं उदाहरण. आणखी एक बघा: परंतुकात 'अर्जदाराच्या' असं नाही, 'व्यक्तीच्या' असं आहे. म्हणून भावाच्या अटकेची माहिती 48 तासांत मिळावी असा अर्ज बहीणही करू शकते.

पहिलं_वर्ष: मग तिने तो अर्ज सहायकाकडे दिला तर? कलम 5(2) म्हणतं 7(1) च्या मुदतीत पाच दिवस मिळवा. परंतुक 7(1) मध्येच धरायचं असेल, तर 48 तासांचे सात दिवस होतात!

बिनशर्त: छे, असं कसं होईल. 48 तासांचा हेतूच मेला. तिथे पोटकलम (1) म्हणजे फक्त 30 दिवस असंच वाचायला हवं.

कलमवाचक: हेतू मान्य. पण मग कलम 7(2) वाचा. पोटकलम (1) मधल्या मुदतीत निर्णय दिला नाही तर अर्ज नाकारल्याचं मानलं जातं. तिथेही 'पोटकलम (1)' हेच शब्द आहेत. परंतुक त्यातून वगळलं तर 48 तास उलटले तरी नकार धरता येणार नाही, आणि अपिलासाठी 30 दिवस थांबावं लागेल. एकाच अधिनियमात एकाच शब्दाला दोन अर्थ देऊन दोन्ही ठिकाणी सोयीचं वाचणं मला पटत नाही.

बिनशर्त: संदर्भ वेगळा असेल तर अर्थ वेगळा, हे तुम्हीच 'व्यक्ती'बद्दल आत्ता म्हणालात.

कलमवाचक: म्हणालो खरं. पण तिथे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम स्वतःच ती मोकळीक देतो. 'पोटकलम (1)' ही नुसती जागा दाखवणारी खूण आहे, तिच्यात संदर्भाने काय फिरणार?

जुनी_फाईल: कार्मिक विभागाचा तक्ता कलमवाचकांच्या बाजूने आहे: सहायकाकडून अर्ज आला तर दोन्ही मुदतींत पाच दिवस मिळवायचे. पण मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे बिनशर्त यांना हरवलं असं मी म्हणणार नाही. परीक्षेत दोन्ही बाजू लिहा आणि 7(2) चा मुद्दा सोडू नका.

प्रत्यक्षात असा अर्ज थेट जन माहिती अधिकाऱ्याकडेच द्यावा आणि पोचपावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्यावी. परंतुकात 'दोन दिवस' नाही, तास आहेत. नुसत्या तारखेच्या शिक्क्यावर 48 तास कधी संपले ते अपिलात दाखवता येत नाही.

पेन्शनर_नाशिक: माझ्या पावतीवर शिक्का आहे पण सही नाही. चालेल का?

जुनी_फाईल: काका, 30 दिवसांच्या अर्जाला आवक क्रमांक आणि तारीख वाचता आली तरी काम भागतं. क्रमांक नसेल तर आवक-जावक नोंदवहीतून मागून घ्या.